गोळी, वजन आणि काट्याचा हिशोब

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येतं. गोदूताई परुळेकर विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांची वसाहत इथलीच, आणि 2024च्या जानेवारीत जिच्या घरांचा ताबा मिळू लागला ती रे नगरची वसाहतही इथलीच. या घरांत दुपारी जाऊन पाहिलं तर उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई दिसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून हजाराचा आकडा भरेपर्यंत बैठक मोडायची नाही. अशा बायकांमध्ये पाळणा लांबवण्याचा विषय निघाला की आशाताईंना हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं: ‘त्या गोळीनं अंग सुटतं, नको.’

हे वाक्य फक्त कुंभारीचं नाही. पुण्यातल्या आयटीतल्या मुलीही तेच म्हणतात. फरक इतकाच की पुण्यातली मुलगी गोळी सोडून दुसरं साधन विकत आणते, आणि इथली बाई पाकीट अर्ध्यावर टाकते नि तीन महिन्यांनी नको असलेल्या दिवसांची चिंता करत बसते. म्हणून गोळीचा आणि वजनाचा संबंध नेमका किती आहे, आणि स्वतःच्या बाबतीत तो कसा तपासायचा, हे इथे सविस्तर पाहू.

आधी कोणती गोळी, ते ठरवून घ्या. कारण ‘गोळी’ या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू खपतात. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळते ती माला-एन. तिच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 पांढऱ्या गोळ्यांमध्ये दोन हॉर्मोन आहेत, लेव्होनॉर्जेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडायॉल 0.03 मिलिग्रॅम. उरलेल्या 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या. दुसरी छाया, जी बाजारात सहेली नावाने मिळते. ती लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, आठवड्याला घ्यायची गोळी आहे आणि तिच्यात ही हॉर्मोन मुळीच नाहीत. तिसरी, संबंधानंतर घाईने एकदाच घ्यायची गोळी. आणि चौथी, जिच्यावरून आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ होतो, ती म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची गोळी. गणपती, लग्न, पंढरीची वारी आली की मेडिकलमधून ती आणली जाते. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा. माला-एनच्या मानाने हा प्रोजेस्टोजेनचा डोस बराच मोठा आहे. ही गोळी घेताना छाती दुखणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, अंग जड होणं हे बऱ्याच जणींना होतं, आणि ती थांबवून पाळी आली की उतरतं. पण नणंदेला वारीच्या गोळीने जे झालं ते भावजय माला-एनच्या खात्यावर मांडते, आणि वाड्यावर बातमी पसरते.

आता माला-एनसारख्या रोजच्या गोळीचं बघू. वजन वाढण्याची भीती अगदी निराधार जन्मली असं नाही. 1960 साली अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली तेव्हा तिच्यात इस्ट्रोजेन होतं 150 मायक्रोग्रॅम. आजच्या माला-एनमध्ये 30 आहे. इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त तयार करतं, त्या साखळीच्या शेवटी मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. इतका मोठा डोस असताना पाणी साठणं आणि मळमळणं हे जास्त होणारच. डोस खाली आला, गोष्ट मात्र आजीकडून सुनेकडे जशीच्या तशी आली. आजच्या डोसलाही पहिल्या दोन-तीन पाकिटांत काही जणींना थोडं पाणी धरल्यासारखं वाटतं. पण ते पाणी असतं, चरबी नसते, आणि ते महिन्यामहिन्याने वाढत जात नाही.

मग पुरावा काय सांगतो? इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे, कारण हा पुरावा गोळा करणंच मुळात अवघड होतं. एखाद्या औषधाने वजन वाढतं का हे पाहायचं तर निम्म्या बायकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी द्यावी लागते, आणि कोणाला काय दिलं हे कोणालाच कळू द्यायचं नसतं. पण गर्भनिरोधक म्हणून खोटी गोळी दिली तर बाईला दिवस जाणार! टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत असा प्रयोग झाला, तो 1971 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक बायका मेक्सिकन वंशाच्या, गरीब होत्या, त्यांना गोळी खोटी असू शकते हे नीट सांगितलं नव्हतं, आणि काहींना दिवस गेले. त्यावर पुढे खूप टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्यातून एक गोष्ट मात्र दिसली की डोकेदुखी, चिडचिड, वजन अशा तक्रारी खोटी गोळी घेणाऱ्याही करत होत्या.

पुढच्या संशोधकांनी एक बरी वाट काढली. मुरुमांवर उपचार म्हणून हीच गोळी वापरून पाहिली. त्या प्रयोगांत भाग घेणाऱ्या बायका गर्भनिरोधनासाठी दुसरं साधन वापरू शकत होत्या, म्हणून खोटी गोळी देण्यात कोणाचा घात नव्हता. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अशा दोन प्रयोगांत मिळून सुमारे 700 जणी होत्या आणि गोळीत माला-एनमधलीच दोन्ही हॉर्मोन होती, डोस थोडा कमी. सहा महिने वजन मोजलं. खऱ्या गोळीच्या गटात आणि खोट्या गोळीच्या गटात सरासरी वजन सारखंच बदललं. दोन्ही गटांत काही जणींचं वाढलं, काहींचं उतरलं. 2014 साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे 49 प्रयोग एकत्र तपासले. त्यातल्या फक्त चारांत तुलनेसाठी खोटी गोळी किंवा काहीच न देणं असा गट होता. या चारांतून गोळीमुळे वजन वाढतं असा पुरावा निघाला नाही. चार प्रयोगांवरून सगळं जग ठरवता येत नाही हे खरं आहे, पण परिणाम मोठा असता तर तो अशा तपासणीत लपला नसता, असं त्याच अहवालाचं म्हणणं आहे.

मग बायका खोटं बोलतात का? अजिबात नाही. वजन वाढलेलं असतंच. प्रश्न असा की ते कधी वाढलं आणि कशाने वाढलं. आणि इथे एक योगायोग फार मोठा घोळ करतो: आपल्याकडे गोळी सुरूच अशा वेळी होते, जेव्हा गोळी नसती तरी वजन वाढलं असतं.

उदाहरण म्हणून एक बाई डोळ्यांपुढे आणू. वय 26, दुसरं मूल. पाचवं पाकीट घ्यायला आलेल्या तिचं म्हणणं आहे, ‘चार पाकिटांत चार किलो वाढले, मला नको आता.’ तिचं पहिलं वजन 46 किलो आहे, हे ती कशावरून सांगते? दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा नोंदणीला आशाताईंनी मोजलं होतं त्यावरून. म्हणजे ती आजच्या 50 किलोची तुलना जवळपास दोन वर्षांपूर्वीच्या वजनाशी करते. तिचं माता-बाल कार्ड उघडलं तर मधले टप्पे मिळतात. बाळंतपणाच्या आधी वजन 55. बाळाच्या नवव्या महिन्याच्या लशीला आली तेव्हा सकाळी उपाशीपोटी 48.8. त्याच दिवशी पहिलं पाकीट नेलं. आणि आज दुपारी, जेवून, साडी, बांगड्या नि खांद्याची पिशवी यांसकट 50. साडी-चोळी आणि दागिने मिळून अर्धा किलोच्या आसपास सहज जातात, जेवण आणि पाणी आणखी अर्धा किलो. म्हणजे वजन पहिल्या दिवसाइतकंच किंवा शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. तिचे दोन-तीन किलो खरेच वाढलेले आहेत, पण ते बाळंतपणातून पूर्ण न उतरलेले किलो आहेत. गोळी घरात आली तेव्हा ते आधीपासून अंगावर होते.

समजा, हिशोब करूनही एक किलो खराच वाढला. तरी गोळीकडे बोट दाखवायच्या आधी वेळ बघा. अंगावर पाजणाऱ्या बाईने माला-एनसारखी गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घ्यायची नसते, कारण इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. म्हणून ती सातव्या-आठव्या महिन्यानंतर सुरू होते. नेमकं त्याच सुमाराला बाळ वरण-भात, नाचणीची खीर खायला लागतं आणि पाजणं कमी होतं. पूर्ण अंगावर पाजताना आईचे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खर्च होतात. पाजणं निम्म्यावर आलं की हा खर्च घटतो, पण ताटातली भाकरी घटत नाही. बाळंतिणीला घातलेलं तूप, डिंकाचे लाडू, सासूचा आग्रह, हे आपल्याकडे वर्षभर चालतं. त्याच महिन्यांत ती पुन्हा सूप मांडीवर घेते आणि दिवसाचे आठ-दहा तास बसून राहते. बैठं काम वाढलं, पाजणं घटलं आणि पाकीट सुरू झालं, या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडतात. दोष मात्र पाकिटाच्या माथी येतो, कारण नवी आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट तीच असते.

नव्या लग्नाचंही असंच आहे. लग्न, नवं घर, पाहुणचार आणि गोळी बरोबरच येतात. शिवाय वय वाढलं की वजन वाढतंच. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे तरुण मुलींना 19व्या वर्षापासून पुढे अनेक वर्षं पाहिलं, तेव्हा वजन वर्षाला सुमारे अर्धा किलोने चढत गेलं, आणि गोळी घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत त्याचा फरक पडला नाही.

एक किलो किती थोड्या गोष्टीने वाढतो, तेही पाहा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. तीन महिन्यांत ती वाढायची तर रोज फक्त 85 कॅलरी जास्त पुरतात. दूध आणि दोन चमचे साखर घातलेला एक कप चहा जवळपास तेवढाच असतो. विड्या वळताना दुपारी चारला येणारा तिसरा चहा एवढा हिशोब सहज भागवतो.

आता स्वतःपुरता पुरावा गोळा करायचा कसा. पाकीट सुरू करण्याआधी एकदा वजन करा, आणि ते कागदावर लिहून पाकिटातच ठेवा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, दरवेळी त्याच हलक्या कपड्यात. काटा एकच असावा. घरचा काटा नसेल तर उपकेंद्रातला, पण दरवेळी तोच, कारण दोन काट्यांत किलोचा फरक पडणं नवल नाही. काटा फरशीवर, सपाट जागी. आणि पाकिटातला दिवसही एकच ठेवा. पाळीच्या आधी-नंतर पाण्यामुळे वजन किलोभर खाली-वर होतंच, म्हणून मला विचाराल तर पांढऱ्या गोळ्यांचा दहावा-बारावा दिवस बरा, पाळीच्या धांदलीपासून दूर. महिन्यातून एकच वेळ पुरे. रोज काट्यावर उभं राहण्यातून फक्त जीव खालीवर होतो.

अशी चार वजनं जमली की बोलता येतं. पहिल्या पाकिटात अर्धा-एक किलो वाढलं आणि पुढे तिथेच थांबलं, तर ते पाणी. पाकीट टाकण्याची गरज नाही. हळूहळू दर महिन्याला पाव-अर्धा किलो चढत गेलं तर चहा, पाजणं, बैठक यांचा हिशोब मांडा. महिन्याला दोन किलो किंवा त्याहून जास्त चढत गेलं तर दवाखान्यात जाऊन नीट तपासून घ्या. पहिली तपासणी लघवीची, दिवस राहिलेत का याची. गोळ्या चुकवल्या असतील तर ‘गोळीने वजन वाढलं’ याचा अर्थ कधी कधी अगदी वेगळा निघतो. दुसरी थायरॉइडची, रक्तातला टीएसएच. तिसरी, पाळी आधीपासूनच अनियमित असेल, हनुवटीवर केस असतील, तर पीसीओएसची. पीसीओएसमध्ये डॉक्टर मुद्दाम गोळी देतात आणि वजन त्या आजारामुळेच वाढत असतं, तरी दोष गोळीवर जातो.

काही लक्षणांत मात्र वजनाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखते, छातीत कळ येऊन धाप लागते, अचानक भयंकर डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, ही रक्ताच्या गुठळीची चिन्हं असू शकतात. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, रात्र म्हणून थांबू नका. आणि गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. तो 140/90 किंवा जास्त असेल, किंवा वय 35च्या पुढे असून विडी-सिगारेट ओढत असाल, तर माला-एन तुमच्यासाठी नाही. विड्या वळणाऱ्या सगळ्या ओढत नाहीत, पण तंबाखू हाताशीच असते, आणि ओढणारी बाई ते मान्य करत नाही. डॉक्टरांना तेवढं खरं सांगा.

इंजेक्शनचं गणित वेगळं आहे, आणि ते गोळीच्या हिशोबात मिसळू नका. सरकारी ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. टेक्सासमधल्या एका अभ्यासात सुमारे 700 स्त्रियांना तीन वर्षं पाहिलं. याच औषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन सरासरी पाच किलो वाढलं, तर गोळी घेणाऱ्यांचं वजन हॉर्मोन नसलेली साधनं वापरणाऱ्यांइतकंच बदललं. सरासरीच्या आत फरक मोठा आहे. बऱ्याच जणींना काहीच होत नाही, साधारण चौथ्या हिश्शाच्या बायकांचं वजन झपाट्याने वाढतं. हे आधी ओळखता येतं. पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे दोन इंजेक्शनांत, वजन पाच टक्क्यांहून जास्त चढलं तर पुढेही चढण्याची शक्यता जास्त. 48 किलोच्या बाईसाठी पाच टक्के म्हणजे 2.4 किलो, म्हणजे काट्यावर 50.4. तिसरं इंजेक्शन घेण्याआधी हा आकडा डॉक्टरांपुढे ठेवा आणि दुसऱ्या साधनाचं विचारा. छाया, तांबी, निरोध यांपैकी कशातही ही हॉर्मोन नाहीत.

आता गोळी सोडण्याचं. ‘गोळी बंद केली की वजन उतरेल’ या आशेने पाकीट टाकणाऱ्यांची निराशा होते, कारण गोळीने चरबी वाढलीच नव्हती, तर ती सोडून उतरणार कशी? थोडं पाणी धरलेलं असेल तर ते जाईल, काट्यावर पाव-अर्धा किलो कमी दिसेल, छातीचा ताण उतरेल. बाकीचं वजन जसं चढलं तसंच खाण्या-हलण्याने उतरायचं. इंजेक्शन सोडल्यावरही उतार सावकाश असतो. वर सांगितलेल्या अभ्यासात ते सोडून हॉर्मोन नसलेल्या साधनाकडे वळलेल्या बायकांचं वजन सहा महिन्यांत अर्धा किलोही उतरलं नव्हतं.

उलट काही जणींचं वजन गोळी सोडल्यावर वाढतं, आणि त्या गोंधळतात. पीसीओएस असलेल्या बाईची पाळी गोळीमुळे महिन्याच्या महिन्याला येत होती. गोळी सुटली की जुना अनियमितपणा परत येतो, आणि त्याबरोबर आजाराचा वजनाकडे असलेला कल पुन्हा नजरेत येतो. गोळीने तो बरा केला नव्हता, फक्त पाळीचं वेळापत्रक सांभाळलं होतं. अशा वेळी पाकीट परत सुरू करण्याआधी साखर आणि वजनाची तपासणी करून घ्यावी.

सोडायचंच ठरलं तर पाकीट संपवून सोडा, मध्येच नको. मध्येच सोडलं तर अवेळी रक्त जातं आणि संरक्षणही जातं. आणि दुसरं साधन आधी हाती ठेवा. गोळी सुटल्यावर पहिल्याच महिन्यात बीज तयार होऊ शकतं, पाळी येऊन जाण्याची वाट न बघता. इंजेक्शनचं उलट आहे, त्यानंतर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून नऊ-दहा महिने सहज लागतात. पण त्या भरवशावर कुणी विसंबू नये, कारण काही जणींना लवकरही राहतात. छायाकडे वळत असाल तर पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा, नेमून दिलेल्या दोन वारी घ्यायची, मग आठवड्यातून एकदाच. पाळी लांबू शकते, तिला घाबरू नका, पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करून घ्या. ती घेत असतानाही दर महिन्याला त्याच सकाळी, त्याच काट्यावर वजन लिहीत राहा, म्हणजे पुढच्या साधनाच्या वेळी कुणाच्या तोंडी ऐकण्यापेक्षा तुमच्याकडे तुमचाच कागद असेल.